स्वस्त यंत्र, महाग रिफिल : जोडविक्रीत दोन किमती कशा ठरतात आणि आपण हिशेब कसा करावा?

सातबारा काढायला आपण सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो, तेव्हा तिथल्या प्रिंटरकडे एकदा नीट पाहा. बहुतेक ठिकाणी शेजारी शाईच्या चार टाक्या असलेला प्रिंटर दिसेल. घरी मुलांच्या शाळेच्या कामासाठी घेतलेला प्रिंटर मात्र अनेकदा छोट्या कार्ट्रिजचा असतो. कार्ट्रिजचा प्रिंटर स्वस्तात मिळतो, पण दोन-तीन वेळा कार्ट्रिज बदलले की प्रिंटरइतकेच पैसे शाईत गेलेले असतात. टाकीचा प्रिंटर घेताना महाग पडतो, पण त्याची बाटलीतली शाई एका पानाला फार कमी खर्चात पडते.

दोन्ही प्रिंटर कागदावर शाईच सोडतात. मग एकाची किंमत कमी आणि शाई महाग, तर दुसऱ्याचे नेमके उलट, असे का? कारण कंपनी यंत्राची आणि शाईची किंमत वेगवेगळी ठरवत नाही. त्या दोन्ही किमती एकत्र, एकाच हिशेबातून ठरतात.

हाच प्रकार आता शेतीतही दिसतो. माती परीक्षणाचे छोटे यंत्र आणि त्याची रसायने, दूध तपासणीचे यंत्र आणि त्याचे स्वच्छतेचे द्रावण, सापळा आणि त्यातली गंधगोळी. यंत्र घेताना आपण यंत्राच्या किमतीवर घासाघीस करतो आणि रिफिलच्या किमतीकडे फारसे पाहत नाही. या लेखात माती परीक्षण यंत्राचे एक उदाहरण घेऊन दोन्ही किमती विक्रेता कशा ठरवतो ते पाहू. त्यानंतर शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कृषी सेवा केंद्राने खरेदीपूर्वी कोणता हिशेब करावा ते पाहू.

जोडविक्री म्हणजे काय?

एक वस्तू घेतली की तिच्यासोबत लागणारी दुसरी वस्तूही त्याच विक्रेत्याकडून घ्यावी लागते, याला आपण जोडविक्री म्हणू. ही सक्ती तीन प्रकारे केलेली असते.

- करारातून : 'आमचीच रसायने वापरावी, अन्यथा वॉरंटी रद्द' असे लिहिलेले असते.
- बनावटीतून : कार्ट्रिजवर किंवा रसायनाच्या डबीवर चिप किंवा कोड असतो, आणि तो ओळखता आला नाही तर यंत्र चालतच नाही.
- बाजारातून : तशी वस्तू दुसरे कोणी बनवतच नाही.

पहिली वस्तू एकदाच घ्यायची असते आणि वर्षानुवर्षे टिकते. दुसरी वापरात संपते आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. दोन्ही एकमेकींशिवाय निरुपयोगी असतात. रसायन नसेल तर यंत्र कपाटात पडून राहते, आणि यंत्र नसेल तर रसायनाचा उपयोग नाही. म्हणून ग्राहक मनातल्या मनात दोन्हींचा एकत्र खर्च मोजतो, किंवा खरे तर त्याने तो मोजायला हवा.

रिफिल म्हणजे वापराचा मीटर

विक्रेत्याची अडचण आधी समजून घेऊ. एकच यंत्र वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या मोलाचे असते. वर्षाला शंभर नमुने तपासणारी रोपवाटिका त्यासाठी थोडेच पैसे देऊ शकते. वर्षाला हजार नमुने तपासणारे सेवा केंद्र बरेच जास्त देऊ शकते. पण ग्राहक दुकानात येतो तेव्हा तो किती वापरणार हे कपाळावर लिहिलेले नसते, आणि विचारले तर प्रत्येक जण 'आमचा वापर थोडाच आहे' असेच सांगेल.

रसायनाची डबी ही अडचण सोडवते. जो जास्त नमुने तपासतो तो जास्त डब्या घेतो. यंत्रावर नफा न घेता डबीवर घेतला, तर जास्त वापरणाऱ्याकडून आपोआप जास्त पैसे मिळतात. विजेच्या मीटरसारखेच हे काम आहे, फक्त मीटरच्या जागी डबी आहे.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत आयबीएम कंपनी हिशेबाची यंत्रे भाड्याने देत असे, आणि त्या यंत्रांत फक्त आपलीच छिद्रे पाडायची कार्डे वापरावीत अशी अट घालत असे. ज्या कार्यालयात काम जास्त, तिथे कार्डे जास्त लागत, म्हणून वसुलीही जास्त होई. अमेरिकन सरकारला मात्र स्वतः बनवलेली कार्डे वापरण्याची मुभा होती. त्या बदल्यात सरकारला यंत्राचे भाडे १५ टक्के जास्त द्यावे लागे. दोन किमती एकमेकींशी कशा बांधलेल्या असतात हे यात स्पष्ट दिसते : कार्डावरचा नफा सोडायचा असेल तर तो भाड्यातून भरून काढायचा. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली.

आकड्यांत पाहू

आता माती परीक्षण यंत्राचे उदाहरण घेऊ. पुढचे सर्व आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ते कोणत्याही कंपनीचे दर नाहीत.

- यंत्र बनवायला कंपनीला २०,००० रुपये खर्च येतो.
- एका नमुन्याला लागणारी रसायने बनवायला ३० रुपये खर्च येतो.
- यंत्र ४ वर्षे चालते.
- बाहेर प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर वाहतुकीसह १०० रुपये पडतात. म्हणून एका तपासणीला १०० रुपयांपेक्षा जास्त कोणी देणार नाही.

ग्राहक दोन प्रकारचे आहेत. रोपवाटिका वर्षाला १००, म्हणजे ४ वर्षांत ४०० नमुने तपासते. तिच्या दृष्टीने सगळ्या तपासण्यांचे मोल ४०,००० रुपये आहे. सेवा केंद्र वर्षाला १,०००, म्हणजे ४ वर्षांत ४,००० नमुने तपासते. त्याच्या दृष्टीने हेच मोल ४,००,००० रुपये आहे.

कंपनीने रसायने खर्चाच्या भावात, म्हणजे ३० रुपयांना दिली असे समजा. रोपवाटिका रसायनांवर १२,००० रुपये खर्च करेल. मग यंत्रासाठी तिच्याकडे जास्तीत जास्त २८,००० रुपये उरतात. त्यापेक्षा महाग यंत्र ती घेणार नाही. सेवा केंद्र मात्र त्याच यंत्राला २,८०,००० रुपयेही देऊ शकते. दोघांनाही यंत्र विकायचे असेल तर किंमत २८,००० च ठेवावी लागते आणि सेवा केंद्राकडूनही तेवढेच मिळतात. २,८०,००० किंमत ठेवली तर रोपवाटिका निघून जाते.

जोडविक्रीने कंपनीला यातून वाट मिळते. ती यंत्राची किंमत कमी करते आणि रिफिलची वाढवते. रोपवाटिकेचे ४०० नमुने आहेत. म्हणून रिफिल दर नमुन्याला १० रुपयांनी वाढवली, तर यंत्र ४,००० रुपयांनी स्वस्त करावे लागते. तेवढे केले की रोपवाटिकेचा एकूण खर्च तोच राहतो आणि ती ग्राहक म्हणून टिकते.

| रिफिल (दर नमुना) | यंत्राची किंमत | रोपवाटिकेचा ४ वर्षांचा खर्च | सेवा केंद्राचा ४ वर्षांचा खर्च |
|---|---|---|---|
| ३० रु. | २८,००० रु. | ४०,००० रु. | १,४८,००० रु. |
| ६० रु. | १६,००० रु. | ४०,००० रु. | २,५६,००० रु. |
| ८० रु. | ८,००० रु. | ४०,००० रु. | ३,२८,००० रु. |
| १०० रु. | फुकट | ४०,००० रु. | ४,००,००० रु. |

तक्ता वरून खाली वाचा. यंत्र स्वस्त होत जाते, पण रोपवाटिकेच्या खिशाला काहीच फरक पडत नाही. सेवा केंद्राचा खर्च मात्र दीड लाखावरून चार लाखांवर जातो. म्हणजे 'यंत्र स्वस्त झाले' या बातमीचा अर्थ दोघांसाठी वेगळा आहे. जास्त वापरणाऱ्यासाठी ती महागाईची बातमी आहे.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. यंत्र बनवायला २०,००० रुपये लागतात आणि ते ८,००० रुपयांना विकले जाते, याचा अर्थ कंपनी फसली असा नाही, आणि ते यंत्र हलक्या प्रतीचे आहे असाही नाही. यंत्रावरचे १२,००० रुपयांचे नुकसान रिफिलमधून भरून निघणार असा तिचा हिशेब आहे.

मग कंपनी यंत्र फुकटच का देत नाही?

तक्त्यातली शेवटची ओळ कंपनीला सर्वात फायद्याची वाटते. तरीही प्रत्यक्षात ती त्या टोकाला सहसा जात नाही. याची तीन कारणे आहेत, आणि आपल्या हातातली ताकद याच तीन कारणांत आहे.

पहिले कारण : रिफिल महाग झाली की वापर घटतो. तक्त्यात आपण सेवा केंद्र ४,००० नमुने तपासणारच असे धरले. प्रत्यक्षात रिफिल ८० रुपये झाली की केंद्रचालक हात आखडता घेतो. दोन जवळच्या तुकड्यांचा मिळून एकच नमुना घेतो, शंका आली तरी पुन्हा तपासत नाही. समजा ८० रुपयांना तो २,००० नमुनेच तपासतो आणि ६० रुपयांना ३,६०० तपासतो. ८० च्या भावात कंपनीला दर नमुन्यामागे ५० रुपये सुटतात, म्हणजे १,००,००० रुपये. ६० च्या भावात ३० रुपयेच सुटतात, पण नमुने जास्त असल्याने १,०८,००० रुपये मिळतात. शिवाय ६० च्या भावात यंत्र १६,००० ला विकता येते, म्हणजे यंत्रावरचे नुकसानही कमी होते. म्हणून कंपनी मधला भाव निवडते. ग्राहक वापर जितक्या पटकन कमी करतो, तितकी रिफिल खर्चाच्या भावाजवळ राहते.

दुसरे कारण : फुकट यंत्र न वापरणाराही घेऊन जातो. यंत्र फुकट मिळाले तर ज्याला वर्षाला पाच नमुनेही तपासायचे नाहीत, तोही ते नेतो आणि गोदामात ठेवतो. अशा प्रत्येक यंत्रामागे कंपनीचे जवळजवळ २०,००० रुपये बुडतात. यंत्राला थोडी तरी किंमत ठेवली की असा ग्राहक आपोआप गळतो.

तिसरे कारण : बाहेरची रिफिल. रसायन बनवायला ३० रुपये लागतात आणि ते १०० ला विकले जाते हे दिसले की दुसरा कोणी तरी ५० रुपयांत तेच बनवून आणतो. प्रिंटरमध्ये हेच घडले. महाग कार्ट्रिजला कंटाळून अनेक देशांत दुकानदारांनी प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडल्या. कंपनीने स्वस्तात विकलेला प्रिंटर हातात राहिला आणि शाईवरचा नफा दुसऱ्याकडे गेला. २०१० मध्ये एप्सन कंपनीने इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर विकायला काढला : प्रिंटर महाग, शाई स्वस्त. पुढे तशा प्रकारचे प्रिंटर भारतातही आले आणि रोज शेकडो पाने छापणाऱ्या केंद्रांत रुजले. म्हणजे कंपनी तक्त्यात खालून वरच्या ओळीकडे सरकली. हे औदार्य नव्हते. शाईवरची पकड सुटत चालल्याने नफा पुन्हा यंत्राच्या किमतीत आणावा लागला.

खरेदीपूर्वी करायचा हिशेब

आता आपल्या बाजूने पाहू. समजा दोन कंपन्यांचे देकार समोर आहेत.

- देकार अ : यंत्र ८,००० रुपये, रिफिल दर नमुना ८० रुपये.
- देकार ब : यंत्र २८,००० रुपये, रिफिल दर नमुना ३० रुपये.

यंत्राच्या किमतीतला फरक २०,००० रुपये आहे. रिफिलमधला फरक दर नमुन्याला ५० रुपये आहे. २०,००० ला ५० ने भागले की ४०० येतात. यंत्राच्या आयुष्यात ४०० पेक्षा कमी नमुने तपासणार असाल तर देकार अ स्वस्त, त्यापेक्षा जास्त तपासणार असाल तर देकार ब स्वस्त. कोणत्याही दोन जोड्यांची तुलना करायला एवढा एकच भागाकार पुरतो.

४ वर्षांत २०० च नमुने तपासणाऱ्या गटाला देकार अ मध्ये २४,००० रुपये लागतील आणि देकार ब मध्ये ३४,०००. इथे महाग रिफिलचे यंत्रच शहाणपणाचे. सेवा केंद्राला मात्र देकार अ ३,२८,००० रुपयांना पडेल आणि देकार ब १,४८,००० ला. फरक १,८०,००० रुपयांचा आहे.

नमुन्यांचा आकडा धरताना उत्साहात मोठा आकडा धरू नका. गेल्या दोन हंगामांत प्रत्यक्ष किती नमुने पाठवले होते, ते नोंदवहीत पाहा आणि तोच आकडा धरा.

रिफिलचा खरा दर काढा

विक्रेता सांगतो तो दर आणि प्रत्यक्षात पडणारा दर यांत फरक असतो. समजा ५० तपासण्यांच्या किटची किंमत ४,००० रुपये आहे. कागदावर दर ८० रुपये होतो. पण प्रत्येक वेळी यंत्र जुळवून घेण्यासाठी कोरी आणि प्रमाण तपासणी करावी लागते. त्यात किटमधल्या ५ तपासण्या गेल्या तर ४५ च उरतात आणि दर ८९ रुपयांवर जातो.

त्याहून मोठा फटका मुदतीचा असतो. आपल्याकडे नमुने वर्षभर सारखे येत नाहीत. रब्बीची काढणी झाल्यापासून खरिपाच्या पेरणीपूर्वी त्यांची गर्दी होते आणि नंतर यंत्र शांत असते. किट उघडल्यावर तीन महिन्यांत वापरायचे असेल आणि त्या काळात ३० च नमुने आले, तर ४,००० रुपयांत ३० तपासण्या झाल्या. दर १३३ रुपये पडला, म्हणजे बाहेरच्या प्रयोगशाळेपेक्षाही महाग. म्हणून किटची किंमत विचारण्याआधी किट किती तपासण्यांचे आहे आणि उघडल्यावर किती दिवस चालते हे विचारा. छोट्या वापरासाठी १० किंवा २५ तपासण्यांचे किट मिळते का, हेही विचारा. त्याचा दर थोडा जास्त असला तरी वाया जाणे टळते.

प्रिंटरमध्येही हीच गोष्ट वेगळ्या रूपात असते. नव्या प्रिंटरसोबत येणारे कार्ट्रिज अनेकदा पूर्ण भरलेले नसते, आणि प्रिंटर अधूनमधून आपले तोंड साफ करायला काही शाई स्वतःच खर्च करतो.

आज दिलेला दर उद्या टिकेल का?

देकार ब मध्ये एक धोका लपलेला आहे. २८,००० रुपये आपण पहिल्याच दिवशी देऊन बसतो. सहा महिन्यांनी कंपनीने रिफिल ३० वरून ९० केली तर? यंत्राचे पैसे परत येणार नाहीत. त्या दिवशी आपल्यासमोर एवढाच प्रश्न असतो : ९० रुपयांत इथे तपासायचे की १०० रुपयांत बाहेर पाठवायचे? आपण कुरकुरत ९० देऊ. आता जास्त वापरणाऱ्याचे यंत्रही महाग आणि रिफिलही महाग.

देकार अ मध्ये हा धोका कमी आहे, कारण अडकलेली रक्कम ८,००० च आहे. कंपनीने जास्त त्रास दिला तर यंत्र सोडून देणे परवडते, आणि आपण यंत्र वापरत राहावे यातच कंपनीचा नफा असल्याने तिलाही ते ठाऊक असते.

म्हणून महाग यंत्र आणि स्वस्त रिफिल हा देकार घेताना रिफिलचा दर लेखी घ्या. किमान तीन वर्षांसाठी दर नमुन्याला किती रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के वाढ, हे कोटेशनवर सहीशिक्क्यासह असावे. शेतकरी उत्पादक कंपनी पाच-दहा यंत्रे एकत्र घेत असेल तर ही अट घालणे सोपे जाते. दुसरा उपाय म्हणजे यंत्र असे निवडणे की ज्याला बाजारात सहज मिळणारी प्रमाणित रसायने चालतात.

'आमचेच रसायन वापरा' हे कितपत खरे?

विक्रेता गुणवत्तेचे कारण देतो, आणि ते कारण नेहमी खोटे नसते. रंगावरून स्फुरद मोजणारे यंत्र ठराविक तीव्रतेच्या रसायनासाठी जुळवलेले असते. रसायनाची तीव्रता बदलली की रंग बदलतो आणि स्फुरदाचा आकडा चुकतो. चुकीच्या आकड्यावर खताची मात्रा ठरली तर नुकसान रिफिलमध्ये वाचवलेल्या पैशांपेक्षा मोठे होते.

पण गुणवत्ता राखण्यासाठी एकाच कंपनीचे रसायन लागतेच असे नाही. ठरलेल्या प्रतीचे रसायन लागते. अमेरिकेत हा वाद मिठावरून न्यायालयात गेला होता. इंटरनॅशनल सॉल्ट ही कंपनी मीठ विरघळवणारी आणि डबाबंद अन्नात मीठ टाकणारी यंत्रे भाड्याने देई, आणि त्यांत आपलेच मीठ वापरण्याची अट घाली. हलक्या मिठाने यंत्र बिघडते, असे तिचे म्हणणे होते. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मीठ कोणत्या प्रतीचे हवे हे कंपनी ठरवू शकते, पण त्या प्रतीचे मीठ दुसरा कोणी देत असेल तर त्याला अडवू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

आपणही हीच कसोटी लावावी. विक्रेत्याला तपासणीच्या पद्धतीचे नाव विचारा. विदर्भ, मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरदासाठी ओल्सन पद्धत वापरतात, तर कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ब्रे पद्धत. पद्धत आणि रसायनाची तीव्रता सांगता येत असेल तर ते रसायन दुसरीकडूनही मिळू शकते. विक्रेता 'ते गुपित आहे' म्हणत असेल, तर आपण पूर्णपणे त्याच्या रिफिलवर अवलंबून राहणार हे धरून चाला.

दुसरे रसायन वापरायचे ठरवले तर आधी खात्री करा. मातीचे दहा नमुने नीट मिसळून प्रत्येकाचे तीन भाग करा. एक भाग कंपनीच्या रसायनाने तपासा, दुसरा बाहेरच्या रसायनाने, आणि तिसरा कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा शासकीय प्रयोगशाळेत द्या. बाहेरच्या रसायनाचे आकडे प्रयोगशाळेशी कंपनीच्या रसायनाइतकेच जुळत असतील तर ते चालेल. बहुतेक नमुन्यांत कमी, मध्यम, जास्त हा वर्गच बदलत असेल तर ते रसायन वापरू नका.

खताचे 'लिंकिंग' ही वेगळी गोष्ट आहे

जोडविक्री म्हटले की आपल्याला आधी आठवते ते खत दुकानातले लिंकिंग. युरियाच्या गोणीसोबत नको असलेले विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्य किंवा बाटली घ्यावीच लागेल, असे सांगितले जाते. बाहेरून ते प्रिंटर-शाईसारखे दिसते, पण त्यातला हिशेब वेगळा आहे.

माती परीक्षण यंत्रात रिफिल वापर मोजते आणि ती नसेल तर यंत्र चालत नाही. युरियाला त्या बाटलीची गरज नसते. इथे जोडणीचे कारण पहिल्या वस्तूच्या किमतीवरची मर्यादा हे आहे. ४५ किलो युरियाच्या गोणीची किंमत २६६.५० रुपयांवर बांधलेली आहे. ऐन हंगामात टंचाई आली की शेतकरी त्याहून जास्त द्यायला तयार असतो, पण गोणीवर जास्त घेणे हा गुन्हा आहे. म्हणून ती जास्तीची रक्कम दुसऱ्या वस्तूच्या किमतीत घातली जाते. ४०० रुपयांची बाटली आपल्या काहीच कामाची नसेल, तर त्या दिवशी एका गोणीचा खरा भाव ६६६.५० रुपये झाला.

फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसरी वस्तू नसताना पहिली काम करते का? करत असेल आणि तरीही सक्ती होत असेल, तर ते लिंकिंग आहे. अशा वेळी दोन्ही वस्तूंचे पक्के बिल मागा, आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. बिलावर दोन्ही वस्तू एकाच तारखेला आणि एकाच क्रमांकाने दिसल्या तर तक्रारीला वजन येते.

यंत्र आणि रिफिलच्या जोडविक्रीचे तसे नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) मध्ये जोडविक्रीच्या कराराचा उल्लेख आहे, पण असा प्रत्येक करार बेकायदा ठरत नाही. त्यामुळे बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो का, हे पाहिले जाते. बाजारात चार कंपन्यांची यंत्रे मिळत असतील तर कायद्यापेक्षा खरेदीपूर्वीचा हिशेबच आपल्या जास्त उपयोगी पडतो.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवताना हे प्रश्न विक्रेत्यासमोरच विचारावेत आणि उत्तरे फळ्यावर लिहावीत.

1. एका किटची किंमत किती, त्यात तपासण्या किती, आणि कोऱ्या व प्रमाण तपासणीत किती जातात?
2. किट उघडल्यानंतर किती दिवस चालते? छोटे किट आहे का?
3. यंत्रासोबत येणारे पहिले किट पूर्ण आहे की अर्धे?
4. दुसऱ्याचे रसायन वापरले तर यंत्र बंद पडते, वॉरंटी जाते, की काहीच होत नाही?
5. तपासणीची पद्धत कोणती आणि रसायनाची तीव्रता किती?
6. रिफिलचा दर किती वर्षांसाठी लेखी देणार?
7. कंपनीने हे यंत्र बनवणे थांबवले तर रिफिल किती वर्षे मिळेल?

उत्तरे आली की यंत्राच्या किमतीत, यंत्राच्या आयुष्यात लागणाऱ्या सर्व रिफिलचा खर्च मिळवा आणि एकूण नमुन्यांनी भागा. जो आकडा येईल, तीच एका तपासणीची खरी किंमत. ती प्रयोगशाळेच्या दरापेक्षा कमी असेल आणि निकाल वेळेत हाती येणार असतील, तर यंत्र घ्या. जास्त येत असेल, तर फुकट मिळाले तरी ते यंत्र आपल्याला महागच पडेल.